सतरा पेढे आणि नऊ पानं

हरेश चौथीत आहे, माझ्या वर्गात, खिडकीकडून दुसऱ्या बाकावर. त्याच्याबद्दल चांगलं लिहायला मला आवडलं असतं. पोरगा दिसायला गोड आहे, शाळेत वेळेवर येतो, 'नमस्ते बाई' म्हणतो, नखं कापलेली असतात. पाहुण्या अधिकाऱ्यांसमोर उभा करावा असा. पण मी ही गोष्ट त्याला शोभेल अशी सांगायला बसलेली नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना लागतं. खाली गाव, भातशेती, मधे ओढा आणि वर डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी. शाळा एकच, दोघांची. हरेश गावातला. त्याचे वडील दत्ता टेंपो चालवतात, साजगावच्या कारखान्यांत माल पोचवतात. त्याच्या बाकावर त्याच्याशेजारी बसायचा कमळ्या, वाडीतला. पहिलीपासून दोघं एकाच बाकावर. हरेशची पेन्सिल कमळ्या ब्लेडने तासून द्यायचा आणि हरेश त्याला मधल्या सुट्टीत सोबत खेळायला घ्यायचा. व्यवहार म्हणा, मैत्री म्हणा. कमळ्या मात्र त्याला मैत्रीच समजायचा.

हरेशचं भागाकारात घोडं अडायचं. सतरा भागिले पाच विचारलं की तो 'तीन' लिहून मोकळा व्हायचा.

"बाकी कुठाय?" मी ओरडायचे.

"कसली बाकी, बाई?"

"पाच त्रिक पंधरा. सतरातून पंधरा गेले, राहिले किती?"

"दोन."

"मग ते लिही की!"

लिहायचा, आणि पुढच्या गणितात पुन्हा विसरायचा. त्याला ती बाकी म्हणजे बाईंनी उगाच मागे लावलेलं शेपूट वाटायची. दिवाळीआधी मी दोन महिने घसा फोडला. भाज्य म्हणजे ज्याचे वाटे करायचे ते, भाजक म्हणजे जितक्यांत करायचे ते, भागाकार म्हणजे एकाला आलं ते, आणि बाकी म्हणजे उरलं ते. फळ्यावर खडूने चौकटी काढल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच म्हटलं, मर मेल्या, तुझ्या नशिबात बाकी नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यात हे घडलं. या दिवसांत वाडी रिकामी होत जाते. माणसं वीटभट्टीवर जातात ती थेट पावसाच्या तोंडाला परततात, आणि पोरंही सोबत जातात. कमळ्याचे आईबाप, गजा आणि जिजा, खालापूरकडच्या एका भट्टीवर सोमवारी निघणार होते. ट्रक येणार होता दुपारी. म्हणजे कमळ्याचं चौथीचं वर्ष तिथेच संपल्यात जमा. मी गजाशी भांडून पाहिलं. तो म्हणाला, "बाई, पोरं हितं ठेवून कुनाच्या भरवशावर जाऊ?" 

शनिवारी सकाळच्या शाळेत हरेश कमळ्याच्या कानात काहीतरी सांगत होता. मी दोघांना दटावलं. काय सांगत होता ते मला नंतर कळलं. हरेशच्या आत्याचं, अपेक्षाचं लग्न ठरलं होतं आणि घरात पेढ्यांचा बॉक्स आला होता. "तू सोमवारी जाशील ना, मंग आज सांच्याला टाकीखाली ये. तुला पोटभर पेढे देतो," असं त्याने कबूल केलं होतं. पोटभर हा शब्द कमळ्याने घरी जाऊन जसाच्या तसा आपल्या धाकट्या बहिणीला, जनाला सांगितला. जना पहिलीत. पोटभर म्हणजे किती, तिने विचारलं. कमळ्याने विचार करून सांगितलं, "चार तरी तुझेच."

तेवढंच होतं त्याचं. सहा महिने चिखल तुडवायला जाण्याआधी बहिणीच्या हातावर चार पेढे ठेवायचे होते.

संध्याकाळचं मी स्वतः पाहिलेलं नाही. चार पोरांना एकेकटं गाठून ऐकलं आणि चौघांचे आकडे तंतोतंत जुळले. आमच्याकडच्या पोरांना तारीख-वार आठवत नाहीत, पण कुणाला किती पेढे मिळाले हे ती म्हातारपणीही सांगतील.

हरेशच्या आईने, सुरेखाने, आळीत वाटून उरलेला बॉक्स त्याच्या हातात दिला आणि बजावलं, "सगळ्यांना सारखं दे रं. कमी-जास्त केलंस नि कुनाचं रडनं माज्या कानावर आलं तर बघ." बॉक्समध्ये सतरा पेढे होते. पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर हरेश पोचला तेव्हा कमळ्या आधीच येऊन बसला होता. पण बॉक्स बघून योगेंद्र, सुनील आणि हर्षलाही मागोमाग आले. पेढ्याचा बॉक्स गावातून एकटा कधी जात नाही.

झाले पाच. हरेशने पळसाची पाच पानं तोडून कट्ट्यावर ओळीने मांडली.

हे पानं मांडणं समजायला हवं, कारण सगळं तिथेच फिरलं. पाऊस संपला की आमच्याकडे ओढ्याला बांध घालून, पाणी उपसून मासे धरतात. पाच-सहा माणसं मिळून धरतात आणि काठावर पानं मांडून वाटे घालतात. वाटे घालायचे ते फेरीने. प्रत्येक पानावर एकेक मासा, मग पुन्हा पहिल्यापासून एकेक. अशा फेऱ्या घालत जायचं. शेवटी हातात पानांपेक्षा कमी मासे राहिले की फेरी पुरी होत नाही. तिथे थांबायचं. उरलेले मासे वाटे घालणाऱ्याचे, त्याच्या वाट्याशिवाय वर. त्यावर कुणी तक्रार करत नाही, कारण त्याने चिखलात बसून तासभर वाटे घातलेले असतात, आणि उरणार तरी किती? सहा माणसं असली तर जास्तीत जास्त पाच मासे. दीडशे माशांत पाचांचं काय कौतुक! दत्ता गावातला पट्टीचा वाटे घालणारा, आणि हरेश लहानपणापासून बापाशेजारी उकिडवा बसलेला. वाटणी म्हणजे फक्त अशीच, हे त्याच्या हाडात होतं.

पहिली फेरी, पाच पेढे गेले. दुसरी, दहा. तिसरी, पंधरा. चौथ्या फेरीला हातात दोनच. पानं पाच. हरेश थांबला.

"उरलं ते वाटनाऱ्याचं," तो म्हणाला.

"हां, तं काय," योगेंद्र म्हणाला. सगळ्यांना तो कायदा माहीत होता. हर्षलाने फक्त तोंड वाकडं केलं. प्रत्येकाला तीन, आणि हरेशला तीन अधिक दोन, पाच.

कमळ्याच्या पानावर तीन होते. पोटभर नव्हते, पण जनाला कबूल केलेल्या चारांच्या जवळपास होते. तो पान उचलणार इतक्यात योगेंद्रची चुलत बहीण नंदा धावत आली. "मला?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं. नंदा रडकी आहे आणि तिचं रडणं थेट सुरेखाच्या कानापर्यंत जातं. हरेशने चरफडत सगळे पेढे गोळा केले, सहावं पान मांडलं आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या.

पहिली फेरी, सहा. दुसरी, बारा. हातात राहिले पाच. तिसऱ्या फेरीला सहा हवे होते, एक कमी पडला.

हरेश त्या पाच पेढ्यांकडे बघत राहिला.  सुनील म्हणाला, "काय झालं रं, घाल की." पण घालता येतच नव्हते. एक पान उपाशी राहिलं असतं. थांबायलाच हवं होतं, आणि थांबलं की पाचही त्याचे. दोन वाट्याचे, पाच उरलेले. सात.

मघाशी पाच मिळत होते. खाणारं एक तोंड वाढलं आणि त्याचे दोन पेढे वाढले.

मी दोन महिने फळ्यावर शिकवत होते ते या क्षणी पोराच्या टाळक्यात शिरलं. बाकी म्हणजे शेपूट नाही. बाकी म्हणजे फेरी मोडते तिथे हातात राहतं ते, आणि ती कुठे मोडणार हे पानांवर ठरतं. पानं आपल्या हातात असली तर बाकीही आपल्या हातात असते.

"थांबा रं जरा," म्हणत तो उठला आणि ढीगभर पानं तोडून आणली. पोरांना वाटलं याचं डोकं फिरलं. त्याने सातवं पान मांडलं, त्याच्यासमोर माणूस नसताना. दोन फेऱ्यांत चौदा गेले, तीन उरले. दोन आणि तीन, पाच. त्याने मान हलवली. आठवं पान मांडलं. दोन फेऱ्यांत सोळा, उरला एकच. दोन आणि एक, तीन. त्याचा चेहरा पडला. माणसं वाढली की बाकी वाढतेच असं नाही, हे त्याला तिथे कळलं. दोनच फेऱ्या पुऱ्या होत होत्या तोवर माणूस वाढेल तशी बाकी दोनदोनने खाली येत होती. पाच, तीन, एक.

मग त्याने नववं पान मांडलं.

नऊ पानांवर पहिली फेरी गेली. हातात आठ. दुसऱ्या फेरीला नऊ लागणार. अठरा असते तर दुसरी फेरी पुरी झाली असती आणि हातात काहीच राहिलं नसतं. पण होते सतरा. एका पेढ्याने फेरी अडली आणि आठच्या आठ त्याच्या हातात राहिले. त्याचा वाटा एक, बाकी आठ. नऊ पेढे! नऊ माणसांत यापेक्षा मोठी बाकी उरूच शकत नाही, कारण नऊ उरले तर आणखी एक फेरी जाते.

पोरगा हसला म्हणे. हर्षला सांगत होती, "बाई, कदी नव्हं असं हसला."

"अजून तीन जनं पायजेत," त्याने फर्मावलं. "सुनील, जा, आन जा कुनालाबी."

जो हरेश खोडरबर उसना देत नाही, तो पेढे खायला माणसं गोळा करत होता. सुनीलला कौतुक वाटलं. तो पळाला आणि अंगणवाडीतली तीन चिल्लीपिल्ली हाताला धरून घेऊन आला. त्यांना का आणलंय हेही त्यांना माहीत नव्हतं. झाले नऊ.

त्यांच्या मागोमाग जना आली. भाऊ का येत नाही म्हणून बघायला वाडीवरून एकटीच उतरून आली होती. ती येऊन कमळ्याच्या बाजूला बसली आणि पानं बघत राहिली.

हरेशने दहावं पान मांडलं. इतकं मात्र त्याने केलं. एक फेरी, दहा गेले. हातात सात. एक आणि सात, आठ. नऊच्या जागी आठ. जनाला धरलं तर त्याचा एक पेढा जात होता.

त्याने दहावं पान उचललं आणि खाली टाकून दिलं.

"ही मोजायची नाय."

"का?" कमळ्या म्हणाला.

"उशिरा आली."

"ही बारकी आत्ताच तं आली," कमळ्या अंगणवाडीतल्या तिघांकडे हात करून म्हणाला. "सुनील घेऊन आला ना."

"त्यांना बोलावलंय. हिला कुनी बोलावलं?"

कमळ्याला बोलावलं होतं आणि कमळ्याने तिला चार पेढे कबूल केले होते, पण हे त्याला तिथे सगळ्यांसमोर बोलता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आमच्यात उरलं तं बारक्या पोरान्ला देतात, वाटनाऱ्याला नाय."

"मंग तुमच्यात जाऊन वाटा," हरेश म्हणाला. योगेंद्र खो खो हसला. पेढे गावातले, कायदाही गावातला.

फेरी गेली. नऊ पानांवर एकेक पेढा. सगळ्यांना अगदी सारखा. रडण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, आईचा शब्द पोराने तंतोतंत पाळला होता. मग उरलेले आठ त्याने आपल्या पानावर ठेवले आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, एकामागून एक खाल्ले. सहाव्याला त्याला मळमळायला लागलं. तरी थांबला नाही. नववा त्याने पाणी पिऊन गिळला. 

कमळ्याने आपला एक जनाला दिला. तिने तो तोंडात टाकला आणि बोटं चाटत विचारलं, "दादा, चार बोललेलास ना?"

कमळ्याने तिच्या कानाखाली एक ठेवून दिली. ती रडत वर निघाली आणि तो तिच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून. याचा मला हरेशपेक्षाही राग आला होता. नंतर वाटलं, त्या कट्ट्यावर त्याला हात उगारता येईल अशी तीच एक होती.

सोमवारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फळ्यावर नेहमीचंच लिहिलं, सतरा भागिले पाच. माझ्या मनात चिडकेपणा होता, हे कबूल करते. हरेशचा पुन्हा पाणउतारा करायचा होता. त्याला उठवलं, तर तो फळ्याकडे पळतच आला. भागाकार तीन, बाकी दोन. मग कुणी न सांगता पुढे लिहीत सुटला. सहाने भागलं तर दोन, बाकी पाच. सातने दोन, बाकी तीन. आठने दोन, बाकी एक. नऊने एक, बाकी आठ. दहाने एक, बाकी सात.

मी थक्क झाले. "ताळा कर," म्हटलं. त्याने केला. नऊ एके नऊ, अधिक आठ, सतरा. सहा दुणे बारा, अधिक पाच, सतरा.

"बाकी कधी भाजकाएवढी का होत नाही रे?" मी विचारलं. हे उत्तर चौथीत कुणी देत नाही, पाठ केलेलं सोडून.

"भाजकाएवढी झाली तर अजून एक फेरी जाते, बाई. म्हनून ती नेहमी एकाने तरी कमीच ऱ्हाते."

मी टाळ्या वाजवल्या. वर्गाला वाजवायला लावल्या. हर्षला मधेच म्हणाली, "बाई, ह्याने नऊ पेढे खाल्ले, आमाला एकेकच दिला," आणि पोरांनी गलका करून सगळी हकीकत ओतली. तरी मी हसले. मला आधी गणितच दिसलं. केवढी हुशारी, असं वाटलं, आणि जनाचं नाव त्या गलक्यात आलं होतं तेही मी ऐकून सोडून दिलं. आज लिहिताना स्वतःची लाज वाटते.

तेव्हा कमळ्या उभा राहिला. त्याचं दप्तर भरलेलं होतं, दुपारी ट्रक यायचा होता. गणितात मी त्याला कधी विचारत नसे. जाणाऱ्या पोराला काय विचारायचं, अशी सवय लागून जाते.

"बाई, दोघांत वाटले तर?"

"काय दोघांत?"

"सतरा. दोघंच धरली तर आठ येतात. बाकी एक. वाटनाऱ्याचे आठ नि एक, नऊच होतात."

मी फळ्यावर लिहिलं. सतरा भागिले दोन. आठ, बाकी एक. आठ आणि एक, नऊ. खडू माझ्या हातातच राहिला. दोघांतही नऊ, नवांतही नऊ. हरेशला एक पेढाही कमी पडला नसता. कमळ्याला आठ मिळाले असते आणि जनाला चार. शनिवारपासून सोमवारपर्यंत हा पोरगा वाडीवर बसून हेच मांडत होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं.  मग हरेशकडे वळले. चूक कळली नसेल, लहान आहे, असं मला मनापासून वाटत होतं. त्याला सावरून घ्यावं म्हणून मी म्हटलं, "हे तुझ्या लक्षात आलं नाही ना रे?"

"आलंवतं की, बाई," हरेश म्हणाला. हिशेब चुकला नाही याचाच त्याला आनंद होता. "नऊ पानं मांडतानाच काढलंवतं. पन मंग ह्याला आठ गेले असते ना."